प्रतिसाद: ३ अंशांवर हिमकणाचं चिन्ह का?

> "मनालीहून सिस्सूला जाताना बाहेर ३ अंश होतं, तरी हिमकणाचं चिन्ह लागलं. सेन्सर बिघडलाय का?"

नाही, सेन्सर ठीक आहे. बहुतेक गाड्यांत हे चिन्ह ३ किंवा ४ अंशांनाच लागतं, कारण सेन्सर हवेचं तापमान मोजतो, रस्त्याचं नाही. तो सहसा पुढच्या बंपरमागे किंवा आरशाखाली असतो. निरभ्र रात्री डांबर आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि हवा ३ अंश असतानाही शून्याखाली जातं. शिवाय ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की इंजिनाच्या उष्णतेने आकडा वाढतो. तेव्हा चिन्ह नाही म्हणजे बर्फ नाही, असं अजिबात समजू नका.

तुमच्याच रस्त्यावर अटल बोगदा घ्या. ९ किलोमीटर आत हवा उबदार, म्हणून आकडा चढतो. बाहेर पडताच चंद्रा नदीवरचा पूल लागतो आणि आकडा उतरायला थोडा वेळ घेतो. पुलाला खालूनही गार वारा लागतो, त्यामुळे तो रस्त्याआधी गोठतो.

दुसरी जागा म्हणजे सावलीतलं वळण. दुपारी कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, सूर्य कलला की त्याचीच पातळ काच होते. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत, टायरचा आवाज एकदम बंद झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, की तुम्ही बर्फावर आहात. तिथे ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर अलगद सोडा, स्टिअरिंग स्थिर धरा. वेग आणि गिअर वळणाआधीच, कोरड्या रस्त्यावर उतरवलेले हवेत.