मूळ नक्षत्रावर लेक झाली, सहा महिने तोंड पाहू नका म्हणतात. मदत हवी आहे

कपाशीवाला: आमचं गाव दारव्हा तालुक्यात. लेक बायकोच्या माहेरी झाली, आज नववा दिवस. मूळ नक्षत्र निघालं. गावातले एक जाणकार म्हणाले, बापावर भारी आहे, सहा महिने तोंड पाहायचं नाही. शांतीचे एकवीस हजार आणि चांदीचा नाग वेगळा. सासूबाई घाबरल्या, मला येऊ देत नाहीत. कपाशीची उधारी अजून फिटलेली नाही. काय करू?

वऱ्हाडी मामा: अरे बाप्पा, माह्या पुतणीलेही मंगळ होता, कुंभविवाह केला अन् लगन झालं. घाबरू नको.

भिक्षुकी_४०वर्षे: मामा, मंगळाचा इथं संबंध नाही. कपाशीवाले, जन्मवेळ आणि पंचांगातली मुळाची सुरुवात-शेवट सांगा.

कपाशीवाला: दवाखान्याच्या कार्डावर बुधवार सकाळी 11:40. मूळ मंगळवारी दुपारी 3:10 ला लागलं, बुधवारी 2:50 ला संपलं.

भिक्षुकी_४०वर्षे: म्हणजे नक्षत्र 23 तास 40 मिनिटांचं, एक चरण 5 तास 55 मिनिटांचा. तिसरा चरण बुधवारी 8:55 ला संपला. लेक चौथ्यात, अडीच तासांहून जास्त आत. पंचांगापंचांगात काही मिनिटांचा फरक पडला तरी चरण बदलत नाही. बापाला त्रास पहिल्या चरणाचा सांगतात, दुसरा आईचा, तिसरा धनाचा. चौथा शुभ मानतात. तुम्हाला चरण न विचारताच भीती घातली.

रेवती_वाशीम: हो, चौथा चरण कुठल्याही नक्षत्राचा चांगलाच असतो.

भिक्षुकी_४०वर्षे: नाही ताई, आश्लेषाचं उलटं. तिथं पहिला शुभ आणि चौथा बापाला. रेवतीच्याही शेवटच्या 48 मिनिटांना शांती सांगतात.

शिक्षिका_पुसद: मग चौथ्या चरणाला शांती करायचीच नाही का?

भिक्षुकी_४०वर्षे: आपल्याकडे पंचांगात मूळ संपूर्ण धरून जननशांती सांगतात, त्यामुळे बरेच जण करतात. काही गुरुजी चौथ्याला सोडतात. मी घरच्यांची इच्छा विचारतो. बाराव्या दिवशी, नाहीतर चंद्र पुन्हा मुळात येतो तेव्हा, साधारण सत्ताविसाव्या दिवशी. शांतीनंतर तुपाच्या वाटीत लेकीचं प्रतिबिंब पाहून मग तोंड पाहतात. जुन्या ग्रंथांत पहिल्या चरणासाठी आठ वर्षं तोंड न पाहण्यासारखं कठोर सांगणं आहे, पण शांतीची वाटही तिथंच दिली आहे. सहा महिने आणि चांदीचा नाग मी कधी सांगितला नाही. सामान तुम्ही आणा, दक्षिणा ऐपतीप्रमाणे.

आशाताई_दिग्रस: मला त्या नक्षत्रातलं कळत नाही. पोर नवव्या दिवशी कसं आहे? डोळे, तळपाय पिवळे दिसतात का, दूध ओढते का? सुस्त पडून राहत असेल तर शांतीची वाट पाहू नका, आजच दवाखान्यात न्या. तोंड पाहायचं नाही म्हणून बाप घरी, अन् रात्री पोराले न्यायला कोणी नाही, असं मी पाह्यलं आहे.

कपाशीवाला: दूध चांगलं पिते म्हणे, पण पिवळेपणाचं विचारलंच नाही. आत्ता फोन करतो, सकाळच्या एसटीनं निघतो. सासूबाई म्हणतात, प्रतिबिंबाआधी तोंड नको. दाराबाहेरून आवाज ऐकला तर चालेल का, गुरुजी?

भिक्षुकी_४०वर्षे: चालेल. आणि पोर पिवळं दिसलं तर दार उघडून उचलून न्या. सासूबाईंना माझा नंबर द्या, मी बोलतो.