प्रतिसाद: महिनाभराचा कडक नियम

"एक महिना कडक पाळला की सवय आपोआप लागते."

अभ्यासाच्या सवयीबद्दल दिला जाणारा हा सल्ला मला नाही पटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक त्यात प्रचंड फरक होता. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं.

बीएस्सीला असलेल्या माझ्या भाचीने तिची डायरी वाचायला दिली होती. कडक महिन्यातली नोंद: "पहाटे चार. सहा तास रसायनशास्त्र. काल झोप लागली म्हणून आज आठ तास." पुढची पानं कोरी. नंतरच्या सत्रात तिने घड्याळातली वेळ नव्हे, दिवसाच्या क्रमातली जागा ठरवली: जेवणाचं ताट घासून ठेवलं की लगेच वही, कालच्या तीन अभिक्रिया न बघता लिहायच्या, मग पुस्तकाशी ताडून बघायच्या. तापातून उठल्यावरची नोंद अशी: "दोन दिवस झालं नाही. आज तीनच. दोन आठवल्या, तिसरीत उत्प्रेरक चुकला. तो उद्या परत." राहिलेलं काम दुसऱ्या दिवसावर चढवायचं तिने बंद केलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीही तेवढ्याच तीन लिहून ती वेळेवर झोपली.