मदत हवी आहे: मोडी कागद वाचून द्या, फोटो जोडला आहे

गावठाण: आजोबांच्या ट्रंकेतला कागद आहे. परवा वाटणीची बैठक आहे. कोणाचं नाव आणि कुठली जमीन, एवढंच सांगा. घाई आहे.

बोरू: जोडलेलं चित्र जवळजवळ पूर्ण काळं आहे. अक्षर, शिक्का, कागदाची कड, काहीच दिसत नाही, त्यामुळे नाव किंवा जमीन सांगता येणार नाही. फोटो कशाने काढला? इथे टाकण्याआधी फाइलीचं काय केलं?

गावठाण: माझ्या मोबाइलवर स्वच्छ दिसतोय. तुमच्याकडेच उघडत नसेल.

मधुमालती: उजेड वाढवून पाहिला. वर आडवी रेघ आणि डावीकडे 'श्री' दिसतं. खरेदीखत असावं.

बोरू: ताई, मोडी कागद 'श्री'ने सुरू होतो हे ठाऊक असतं, म्हणून डोळा तिथे 'श्री' शोधतो. जेपीजी चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत साठवतं. काळोख ताणला की या चौकटींच्या कडा उजळतात आणि शिरोरेषेसारख्या भासतात. वाटणीच्या बैठकीत 'खरेदीखत' कुणी खरं धरलं तर भांडण लागेल. तो अंदाज कृपया मागे घ्या.

मधुमालती: 'खरेदीखत' मागे घेते. रेघ मात्र मला दिसतेय.

काजळमाया: कागदाला सेलोटेप लावू नका हो! गोंद पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो.

तिठा: उजेड कमी पडला असेल. खिडकीपाशी पुन्हा काढा.

बोरू: नुसता कमी उजेड असता तर दाणेदार खळबळ दिसली असती आणि फाइल मोठी झाली असती. ही ४०३२ × ३०२४ ची फाइल जेमतेम २१० केबी आहे, म्हणजे आत जवळपास काही नाही. चित्रातला सर्वांत उजळ ठिपका ० ते २५५ मध्ये किती, ते इमेजमॅजिकने मोजून पाहिलं:

```
magick identify -format "%[fx:255*maxima]" kagad.jpg
```

उत्तर ७ आलं. पांढरा कागद २०० च्या वर जातो.

गावठाण: स्कॅनच्या अ‍ॅपमध्ये 'पार्श्वभूमी काढा' केलं होतं. पीएनजी झाली. इथे जेपीजीच चालते म्हणून बदलून टाकली. त्याने काय बिघडलं?

बोरू: तिथेच बिघडलं. पीएनजीत कागदाची जागा पारदर्शक झाली आणि काळी शाई उरली. मोबाइल तिच्यामागे पांढरं दाखवतो, म्हणून तुम्हाला स्वच्छ दिसतं. जेपीजीत पारदर्शकपणा नसतो. तुमच्या अ‍ॅपने ती जागा काळी भरली, आणि काळ्यावर काळं झालं. मूळ पीएनजीवर हे चालवा:

```
magick kagad.png -background white -alpha remove -alpha off kagad2.jpg
```

गावठाण: संगणक नाही. चुलतभावाकडून करून घेतलं, नवा जोडलाय. आता तरी सांगा.

बोरू: आता अकरा ओळी दिसतात. पण वरच्या दोन ओळींतली फिकट शाई पार्श्वभूमीबरोबर पुसली गेली आहे, तुटक ठिपके उरलेत. नाव तिथे असेल तर ते या चित्रातून निघणार नाही. त्या ओळी रिकाम्या ठेवून बाकीच्या वाचायला घेतो. मूळ कागदाचा अ‍ॅपविना साधा फोटो मिळेल का?

गावठाण: ट्रंक भावाकडे आहे, नाशिकला. विचारतो.