सोयरीक आपल्याच समाजातली, मग रंगाची भानगड कुठून आली?

अंत्रुजची लेक:
माझ्या धाकट्या बहिणीला परत एका घरून नकार आला. पत्रिका जुळली, कुळदेव जुळला, मुलगी बघून गेल्यावर मात्र मध्यस्थाकडून निरोप आला, "मुलगी गुणाची, पण रंगाने जरा उतरती." दोन्ही घरं आपलीच, सारस्वत. मामा म्हणतात, हे खूळ पोर्तुगीजांनी घातलं, आधी आपल्यात नव्हतं. खरं आहे का हे? एकाच जातीत गोरं-सावळं हा भेद आला कुठून?

मडगावचो पात्रांव:
मामा बरोबर आहेत. साडेचारशे वर्षं गोऱ्या साहेबासमोर टोपी काढून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कने १५१० नंतर आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं लावायला उत्तेजन दिलं, तेव्हाही त्याला गोऱ्या, देखण्या मुसलमान बायका हव्या होत्या, मलबारच्या काळ्या बायका नकोत असं त्याने राजाला कळवलं होतं. त्याच वेळी बी पेरलं गेलं. विषय संपला.

परखड पेडणेकर:
प्रत्येक गोष्टीत इतिहास आणि जात कशाला? कुणाला गोरी बायको आवडते, कुणाला उंच. आवडीला कारण लागत नाही. आम्ही स्थळ बघताना कुणाचा अपमान केला नाही, फक्त निवड केली.

जुने कागद:
पात्रांव, बी १५१० चं नाही. पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीचं महाभाष्य आहे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं. ब्राह्मण ओळखायचा कसा, असा विषय निघतो तेव्हा तो गोरा, शुद्ध आचाराचा, पिंगट केसांचा अशी लक्षणं येतात. आणि बाजारात उडदाच्या राशीसारखा काळा माणूस बसलेला दिसला तर हा ब्राह्मण, असं कुणी ठरवणार नाही, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे मंडोवी नदीत गलबत यायच्या दीड हजार वर्षं आधी रंगावरून जातीचा अंदाज बांधणं चालू होतं.

पण पेडणेकरांचंही पटत नाही. 'नुसती आवड' असती तर ती दोन्ही बाजूंना सारखी लागली असती. आपल्याच ओळखीतली लग्नं आठवा. बँकेत अधिकारी असलेला, चांगला काळा मुलगा कुणी परत पाठवला? त्याच्या बायोडेटात वर्णाचा रकाना रिकामा सोडला तरी चालतो. मुलीच्या बायोडेटात मात्र 'सावळी' लिहायचं की 'गव्हाळ', यावर घरात बैठक बसते. रंग मोजला जातो तो जिच्या बाजूने सौदा होतो तिचाच.

सासष्टीची सून:
उपनिषदही वाचा की, महाभाष्यच का? बृहदारण्यकात मुलगा कसा हवा याचे भात दिलेत. गोरा आणि एक वेद जाणणारा हवा तर दूधभात, पिंगट आणि दोन वेद जाणणारा हवा तर दहीभात, आणि सावळा, लाल डोळ्यांचा, तीन वेद जाणणारा हवा तर नुसता पाण्यात शिजवलेला भात, सगळ्यांवर तूप. सर्वात जास्त वेद सावळ्याला! म्हणजे जुन्या काळातही सगळे एका मताचे नव्हते. आणि द्रौपदीचं नावच कृष्णा.

जुने कागद:
मान्य. म्हणूनच मी 'सगळे गोऱ्याच्या मागे होते' असं म्हणत नाही. जे होतं ते जातीशी जोडलेलं होतं. त्यात गोव्यात दोन गोष्टी मिसळल्या.

पहिली जमीन. जमिनीचा मालक भाटकार घरापुढच्या बल्कांवात बसून हिशोब बघतो, त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार खाजन शेतात चिखलात, मिठागरात भर उन्हात. भाटकाराच्या घरची बाई तर बाहेर पडलीच तर छत्रीखाली किंवा मचील पालखीत. उन्हाने रापलेला रंग म्हणजे कामाची खूण, न रापलेला म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची. हा भेद आपल्या जातीतही होता. सगळे सारस्वत भाटकार नव्हते, कुळागरात स्वतः राबणारी घरं, दुकानदार, भिक्षुकही होते. 'त्यांची मुलगी रापलेली दिसते' हे खरं तर 'त्यांच्याकडे जमीन कमी' असं म्हणणं होतं. आज ही घरं पणजीत फ्लॅटमध्ये राहतात, जमीन गेली, खूण राहिली.

दुसरी गोष्ट राज्याची, आणि ती मामांनी सांगितली तेवढी सरळ नाही. पोर्तुगीज गोव्यात शिडी होती: पोर्तुगालहून आलेला वर, मग इथे जन्मलेला गोरा वंशज, मग मिश्र, मग आपण. धर्मांतरित स्थानिकांनाही या शिडीचा एवढा जाच होता की २ एप्रिल १७६१ ला लिस्बनहून हुकूम निघाला, पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या कारभारात: आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला गोऱ्यांसारखेच हक्क, आणि त्यांना 'काळे', 'मिश्र' असं हिणवून बोलणं हा गुन्हा. इथल्या अधिकाऱ्यांनी तो दाबून ठेवला, १७७४ ला पुन्हा आदेश द्यावा लागला. शिवी कायद्याने बंद करावी लागते, त्यावरून ती किती चालत होती ते कळतं. पण हुकूम ख्रिस्ती लोकांसाठी होता. हिंदू सारस्वतांना ती शिडी बाजूने बघायला मिळाली, तिच्यावर चढायला नाही. आपल्याकडे रंगाचा अभिमान जास्त पक्का झाला तो मुंबई-कारवारच्या बाजूने, असं माझं मत. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये, कानडा जिल्ह्याच्या १८८३ च्या खंडातसुद्धा, जातीचं वर्णन करताना रंग लिहायची पद्धत होती. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातीचा दर्जा लावत बसला. शिकलेल्यांनी ते वाचलं आणि 'आम्ही सरस्वतीकाठचे, काश्मीरकडचे' या आपल्या जुन्या कथेला गोरा रंग पुरावा म्हणून चिकटवला.

मडगावचो पात्रांव:
म्हणजे शेवटी साहेबच, फक्त वेगळा साहेब! मग मी काय चूक बोललो? आणि 'काळा खाप्री' ही शिवी आजही ऐकू येते की नाही? आफ्रिकेतून गुलाम इथे कुणी आणले?

जुने कागद:
शिवीबाबत तुम्ही बरोबर, ती राज्याचीच देणगी. पण 'उतरती' म्हणणारी मुलाकडची एखादी आत्या ती शिवी देत नाही. ती स्वतःला सभ्य समजते.

कुडचड्याची माई:
मला फार कळत नाही यातलं. माझ्या नातीचा रंग थोडा सावळा, कोणती क्रीम चांगली? शेजारणीने एक मलम दिलंय, महिन्यात फरक पडतो म्हणे. लग्न ठरायचंय डिसेंबरात.

त्वचेची डॉक्टर, पर्वरी:
माई, मलमाच्या ट्यूबवर मोमेटासोन किंवा बीटामेथासोन, आणि हायड्रोक्विनोन अशी नावं आहेत का बघा. असली तर चेहऱ्यावर डॉक्टरशिवाय लावू नका. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर ते हातोहात जातं. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, बारीक लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा भडकून लाल होतो, म्हणून पोरी पुन्हा लावतात. आधीच लावत असेल तर एकदम थांबवू नका, दाखवायला घेऊन या. उन्हाने रापलेलं थोडं कमी होतं, सनस्क्रीन लावा. जन्माचा रंग क्रीमने बदलत नाही.

परखड पेडणेकर:
बाजार आहे म्हणून क्रीम विकली जाते. फेअर अँड लव्हली १९७५ ची, २०२० ला नाव बदललं, पण लोक घेतातच. यात पतंजलीचा काय दोष? आणि मुलीच्या बाजूची माणसंही बघतात हो, मुलगा काळा म्हणून आमच्या शेजारच्या घरी नकार आला.

सासष्टीची सून:
त्या मुलाकडे नोकरी होती का?

परखड पेडणेकर:
नव्हती.

सासष्टीची सून:
मग!

अंत्रुजची लेक:
मामांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "उडीद-बिडीद राहू दे, मुलाच्या आईचाच रंग कसा आहे ते विचार." बहीण हसली. आम्ही त्या मध्यस्थाला आता सांगितलंय, बायोडेटात वर्णाचा रकाना असणार नाही. तो म्हणतो, मग फोटो तरी दोन पाठवा, एक घरातला आणि एक उन्हातला. पाठवायचे की नाही, यावर घरात अजून भांडण चालू आहे.