यवतमाळला गेल्यावर नवरा बदलतो: हा दबाव, की त्याचे खरे मन?

मनीषनगरची सून: लग्नाला तीन वर्षे झाली. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि नागपुरात राहतो. घरी नवरा सकाळचा चहा करतो, भांडी आवरतो, मोठा खर्च मला विचारल्याशिवाय करत नाही. यवतमाळला त्याच्या आईवडिलांकडे गेलो की मात्र तो स्वतःचे ताटही उचलत नाही आणि माझ्याशी कामापुरतेच बोलतो. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणात मामंजी सर्वांदेखत म्हणाले, "आमच्या सूनबाईंना पगार कळतो, पुरण कळत नाही." तोही हसला. यातला खरा कोणता?

सडेतोड: यवतमाळचा. नागपुरातल्या बंद दाराआड चहा करायला त्याला काहीच मोजावे लागत नाही, उलट घरात शांतता मिळते. वडिलांसमोर बायकोची बाजू घ्यायची तर त्यांची नाराजी पत्करावी लागते, आणि ती पत्करण्याइतके तुमचे मोल त्याला वाटत नाही, हे त्याने हसून दाखवले. दबाव ही पुरुषांची आवडती सबब आहे. ऑफिसात साहेबांसमोर हेच लोक आपले मत ठामपणे मांडतात.

धरमपेठचे आजोबा: इतक्या लवकर निकाल देऊ नये. आमच्या पिढीच्या घरात मुलगा ताट उचलू लागला की त्याच्या आईला तो स्वतःवरचा ठपका वाटतो. ती ते हातातून काढून घेते आणि मग चार बायकांसमोर सुनेकडेच पाहिले जाते. हे ठाऊक असल्यामुळे पुष्कळ मुले मुद्दाम बसून राहतात. गंमत अशी की त्याच महालक्ष्म्यांच्या पंगतीत हाच मुलगा सोवळे नेसून पन्नास पाने वाढतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. म्हणून ताटावरून माणसाची परीक्षा करू नका. वर्षातून चार दिवसांचा प्रश्न आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

समुपदेशिका, प्रतापनगर: आजोबांचे ताटाविषयीचे म्हणणे मला पटते, पण 'सांभाळून घ्यावे' हे पटत नाही, कारण ताट न उचलणे आणि बायकोवरच्या टोमण्याला हसणे या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. पहिलीत तो घराच्या जुन्या रीतीत निमूटपणे बसतो. दुसरीत तो तुमच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो, मग ते एका क्षणापुरते का असेना.

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करताना माणसाच्या 'स्व'चे दोन भाग कल्पिले होते. एक भाग विचारपूर्वक घडलेला असतो आणि आपल्या माणसांच्या नाराजीने तो ढळत नाही. दुसरा भाग समोरच्यांची मर्जी राखण्यासाठी घडीघडीला बदलतो. या दुसऱ्या भागाला ढोंग म्हणता येत नाही, कारण त्या क्षणी माणसाला तसेच मनापासून वाटत असते. त्यामुळे तुमचा नवरा दोन्हीकडे खरा असू शकतो. नागपुरातली कोणती वागणूक त्याने पचवली आहे आणि कोणती केवळ तुमची मर्जी राखण्यासाठी आहे, हे मात्र तपासता येते.

पहिली गोष्ट म्हणजे यवतमाळला रात्री खोलीचे दार लागल्यावर तो कसा बोलतो ते पाहा. तिथे तो पूर्ववत होत असेल, तर बदल समोरच्या माणसांमुळे आहे. खोलीतही तोच तुटकपणा राहत असेल, तर केवळ प्रेक्षकांना दोष देता येणार नाही. तसेच वडिलांचा फोन नागपुरात आला आणि दोघांनी ठरवलेली गोष्ट त्यानंतर परस्पर फिरली, असे घडते का, हेही बघा. वागणे बदलण्यापेक्षा निर्णय बदलणे अधिक गंभीर असते.

त्यानंतर जायच्या आधी, आपल्याच घरी, शांतपणे एकच वाक्य ठरवा. पुन्हा पुरणाचा विषय निघाला तर त्याने हसत म्हणावे, "बाबा, पुरण तर मलाही येत नाही, मला कुणी विचारले नाही." यात वडिलांचा अपमान नाही, पण तो तुमच्या शेजारी येऊन बसतो. हे वाक्य ठरवतानाच त्याने "त्यात बाबांचे काय चुकले?" असे विचारले, तर ते त्याचे मत आहे, तिथे वडील हजर नाहीत, म्हणून दबावाचे कारण चालत नाही. त्याने मनापासून होकार दिला आणि तिथे जीभ रेटली नाही, तर ते भय आहे. एक मात्र लक्षात ठेवा: पहिल्यांदा तो बोलला की घर त्याला मागे ओढेल, "बायकोचा झालास" हे ऐकावे लागेल. तेव्हा माघार घेतली म्हणून लगेच निकाल लावू नका.

कॉटन मार्केट: माझ्या घरी उलटे आहे. अमरावतीला माहेरी गेल्यावर माझी बायको अगदी लहान मुलगी होते, मला "अहो" म्हणू लागते आणि गाडी कोणती घ्यायची हेसुद्धा तिच्या भावाला विचारते. मी सरळ जाणे कमी केले. ताई, तुम्हीही यवतमाळला जाणे बंद करा, सारा प्रश्नच मिटेल.

मनीषनगरची सून: जाणे बंद करण्याचा विचार मी केलेला नाही. सासूबाईंशी माझे चांगले जमते. समुपदेशिकाताईंनी विचारले म्हणून सांगते: खोलीत तो पूर्ववत असतो, किंबहुना नेहमीपेक्षा जास्त गोड बोलतो. निघण्याच्या आधी दोन-तीन दिवस त्याला नीट झोप लागत नाही. परतताना मात्र वर्धा मागे पडेपर्यंत तो गप्प होता आणि बुटीबोरीच्या अलीकडे म्हणाला, "बाबांची सवयच तशी आहे, तू फार मनावर घेतेस." त्या वाक्याने मला हसण्यापेक्षा जास्त लागले.

समुपदेशिका, प्रतापनगर: झोप न लागणे आणि खोलीतला गोडवा या दोन्हींवरून दबावच दिसतो. बुटीबोरीचे वाक्य मात्र वेगळे आहे. तिथे गाडीत फक्त तुम्ही दोघे होता, तरी त्याने वडिलांचा बचाव केला आणि दोष तुमच्या मनाकडे वळवला. स्वतःच्या शरमेपासून सुटण्यासाठी माणसे असे बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पण ते त्याचे मतही असू शकेल, आणि एवढ्यावरून मी सांगू शकत नाही.

सडेतोड: दबाव आहे हे मी घटकाभर मान्य करतो. तरी ही सारी मेहनत पुन्हा सुनेनेच करायची ना? खोलीत कसा बोलतो ते तिने टिपायचे, वाक्य तिने घडवायचे, त्याला मागे ओढले की धीर तिनेच धरायचा. ज्याला दबाव आहे त्याने स्वतःहून हा विषय काढला का, एवढेच मी विचारेन. तीन वर्षांत एकदाही काढला नसेल, तर ती सोय आहे, दबाव नव्हे.

समुपदेशिका, प्रतापनगर: हा आक्षेप रास्त आहे. वाक्य त्यानेच घडवावे. माझे फक्त नमुन्यादाखल होते.

धरमपेठचे आजोबा: वडिलांशी बोलायचे ते मुलानेच बोलावे आणि एकांतात बोलावे. पंगतीत उत्तर दिले तर म्हातारा माणूस हट्टाला पेटतो. मी स्वतः पेटलो असतो.

सडेतोड: अपमान पंगतीत आणि भरपाई एकांतात, हा कुठला न्याय? ज्यांनी ते ऐकले त्यांना हेही ऐकू गेले पाहिजे.

मनीषनगरची सून: तीन वर्षांत त्याने स्वतःहून विषय काढलेला नाही, हे खरे आहे. मीही महालक्ष्म्यांपर्यंत कधी स्पष्ट विचारले नव्हते. दिवाळीला जायचे आहे. त्याआधी बुटीबोरीच्या वाक्याविषयीच विचारणार आहे, पुरणाचे नंतर पाहू.