मदत हवी आहे: ध्रुव–मुंबई–लंडन त्रिकोणात कोसाइन नियम लावला, तर अंतर ६०० किमी जास्त का येतं?

मृण्मयी_क

दोन शहरांमधलं सर्वात कमी अंतर काढायची शीट बनवते आहे. अकरावीतला कोसाइन नियम वापरायचा म्हणून उत्तर ध्रुव, मुंबई आणि लंडन असा त्रिकोण घेतला. मुंबई विमानतळ १९.०९° उत्तर, ७२.८७° पूर्व. हीथ्रो ५१.४७° उत्तर, ०.४५° पश्चिम.

ध्रुवापासून मुंबई ९० − १९.०९ = ७०.९१°, लंडन ३८.५३°. ध्रुवापाशी दोन रेखावृत्तांमधला कोन ७३.३२°. दोन बाजू आणि मधला कोन मिळाला, म्हणून c² = a² + b² − 2ab cos C. उत्तर ७०.३२° आलं. एका अंशाला १११.१९५ किमी धरले, तर ७,८१९ किमी. सगळीकडे ७,२०० च्या आसपास दिसतं.

गोलासाठी वेगळं सूत्र आहे हे वाचलं: cos c = cos a cos b + sin a sin b cos C. त्याने उत्तर बरोबर येतं, पण दोन गोष्टी कळत नाहीत. बाजूचा कोसाइन कसा काय घेतात? आणि सपाट सूत्रात वजा असलेलं पद इथे अधिक कसं झालं?

भटकंती_पुणे

विमानं सरळ जातच नाहीत हो. बंद असलेली हवाई हद्द टाळावी लागते, वाऱ्याप्रमाणे मार्ग बदलतो. प्रत्यक्ष अंतर जास्तच भरतं, त्यामुळे तुमचे ७,८१९ चुकीचे म्हणता येणार नाहीत.

अक्षवृत्त

@भटकंती_पुणे, प्रत्यक्ष मार्गाचा इथे संबंध नाही. गणिताने किमान अंतर यायला हवं आणि ते जास्त येतंय, असा प्रश्न आहे.

मृण्मयी, तुमची आकडेमोड बरोबर आहे, सूत्राची जागा चुकली. गोलीय त्रिकोणाची बाजू म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. तो कंस पृथ्वीच्या केंद्रापाशी जेवढा कोन करतो, तेवढी ती बाजू. तुम्ही ७०.९१° लिहिलंत तेव्हाच बाजू कोनात मोजलीत, त्यामुळे तिचा कोसाइन घेण्यात काही वावगं नाही. किमी हवे असतील तेव्हा शेवटी रेडियनमधल्या कोनाला त्रिज्येने गुणायचं. किमीमधली बाजू थेट COS मध्ये टाकली, तर शीट तक्रार करत नाही, निमूट भलता आकडा देते.

आता चिन्ह. बाजू लहान असेल तर cos a ≈ 1 − a²/2 आणि sin a ≈ a. हे गोलाच्या सूत्रात घाला:

1 − c²/2 ≈ 1 − a²/2 − b²/2 + ab cos C

दोन्हीकडचा 1 काढून −2 ने गुणा. c² ≈ a² + b² − 2ab cos C. वजा चिन्ह या −2 मुळे आलं. कोसाइन बाजू वाढली की कमी होतो, त्यामुळे गोलाच्या सूत्रातलं अधिक आणि सपाट सूत्रातलं वजा एकच गोष्ट सांगतात. सपाट नियम हे गोलीय नियमाचं लहान बाजूंसाठीचं रूप आहे.

जास्त अंतर का येतं, ते ध्रुवावरून पाहा. सपाट कागदावर ध्रुवापासून ७०.९१°, म्हणजे ७,८८५ किमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्याचा परीघ सुमारे ४९,५४० किमी भरेल. मुंबईचं अक्षवृत्त एवढं लांब? ते तर विषुववृत्ताच्या ४०,०३० किमीपेक्षा मोठं झालं! गोलावर त्याची लांबी 2πR sin 70.91°, म्हणजे सुमारे ३७,८३० किमी. ध्रुवातून निघालेली दोन रेखावृत्तं सुरुवातीला फाकतात, पण फाकण्याचा वेग मंदावत जातो आणि विषुववृत्तावर थांबतो. सपाट सूत्राला ते माहीत नाही, ते त्यांना फाकवतच ठेवतं. म्हणून तिसरी बाजू लांबते.

तुमचे आकडे घालून:

cos c = ०.३२७१ × ०.७८२३ + ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.४२४८
c = ६४.८६°, अंतर ७,२१२ किमी.

शीटसाठी, B मध्ये अक्षांश, C मध्ये रेखांश, पश्चिम रेखांश उणे:

```
=6371*ACOS(SIN(RADIANS(B2))*SIN(RADIANS(B3))+COS(RADIANS(B2))*COS(RADIANS(B3))*COS(RADIANS(C3-C2)))
```

यात SIN आणि COS ची अदलाबदल दिसेल. आपण ध्रुवापासूनचा कोन न घेता थेट अक्षांश घेतले, म्हणून.

मृण्मयी_क

अक्षवृत्ताच्या लांबीने एकदम उलगडलं, आभार. मग सपाट सूत्र कुठपर्यंत चालतं? पुणे–नाशिकला चालेल ना?

अक्षवृत्त

दोन समान बाजू आणि मध्ये काटकोन घेऊन बघा. गोलावर पायथागोरसचं रूप cos c = cos a cos b. बाजू १०० किमीच्या असतील, तर कर्ण सपाट उत्तरापेक्षा सुमारे २.९ मीटर लहान, १,००० किमीच्या असतील तर सुमारे २.९ किमी लहान. बाजू दहापट, चूक हजारपट. पण हे त्या दोन बाजूंबद्दल झालं. तुमच्या मांडणीत तिसरा बिंदू नेहमी ध्रुव असतो, म्हणजे पुणे–नाशिकसाठीही दोन बाजू ७० अंशांच्या! तिथे सपाट नियम शेजारच्या शहरांनाही चुकवेल, विशेषतः पूर्व-पश्चिम दिशेत.

सांगलीकर_जी

जवळच्या शहरांना ध्रुव हवाच कशाला? अक्षांशांतला फरक घ्या, रेखांशांतला फरक सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणा आणि पायथागोरस लावा. राज्याच्या आत काम भागतं.

आणि निघायची दिशा हवी असेल तर साइन नियम सोपा: sin A / sin a = sin C / sin c. मुंबईपाशी ४१.२°, लंडनपाशी ८९.५°. ध्रुवाजवळचे ७३.३° मिळवून बेरीज २०४° येते, म्हणजे कुठेतरी गडबड आहे. १८० यायला हवी.

अक्षवृत्त

पहिला मुद्दा मान्य. मुंबई–लंडनला मात्र तीच युक्ती ७,५६७ किमी देते, साडेतीनशे जास्त.

दुसऱ्यात गडबड आहे, पण तुम्ही म्हणता तिथे नाही. गोलीय त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा जास्तच असते. खरी चूक लंडनच्या कोनात आहे. साइन ०.९९९९६ आला की कोन ८९.५° असेल किंवा ९०.५°, आणि ASIN नेहमी पहिलाच देतं. सपाट त्रिकोणात मोठ्या बाजूसमोरचा कोन ९० च्या कोणत्या बाजूला पडतो, हे उरलेल्या दोन कोनांच्या बेरजेवरून पकडता येतं. इथे बेरीज ठरलेली नसल्याने ती तपासणी हातात राहत नाही. तिन्ही बाजू माहीत आहेत, तर कोसाइन नियम उलटा वापरा:

cos B = (cos b − cos a cos c) / (sin a sin c)

इथे b म्हणजे त्या कोनासमोरची बाजू, ७०.९१°. भाजकात ध्रुव–लंडन आणि मुंबई–लंडन या बाजू. (०.३२७१ − ०.७८२३ × ०.४२४८) / (०.६२२९ × ०.९०५३) = −०.००९३, म्हणून B = ९०.५°. उणे चिन्हानेच ९० च्या पलीकडचा कोन कळतो. लंडनहून निघताना दिशा जवळजवळ नेमकी पूर्व, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. मुंबईहून निघताना उत्तरेच्या पश्चिमेला ४१.२°.

बेरीज २०५.१°. वरचे २५.१° रेडियनमध्ये मांडून R² ने गुणले की त्रिकोणाचं क्षेत्रफळ मिळतं, सुमारे १ कोटी ७८ लाख चौरस किमी.

साखळीदार

ही जादा बेरीज मोजणीच्या कामात रोज भेटायची. साधारण १९७ चौरस किमीला एक विकला. पन्नास किमी बाजूच्या समभुज त्रिकोणात साडेपाच विकला, आणि चांगल्या थिओडोलाइटला तेवढं दिसतं. लँबटनने १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ही वाढ हिशेबात धरावीच लागे. (लँबटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला.) लजांद्रचा उपाय फार देखणा आहे: जादा विकलांचा एक तृतीयांश प्रत्येक कोनातून वजा करा आणि मग खुशाल सपाट सूत्र लावा, बाजूंची लांबी तीच ठेवून. मध्यम त्रिकोणांना अचूकता पुरेशी मिळते. ध्रुव–मुंबई–लंडनसारख्या अजस्र त्रिकोणाला मात्र हे लावू नका.

ट्रॅक्टर_जीपीएस

माझं वेगळंच दुखणं आहे. शेताच्या हद्दीबाहेर ट्रॅक्टर गेला की भोंगा वाजावा म्हणून अर्डुइनो युनोवर वरचंच सूत्र टाकलंय. अंतर एकतर ० दाखवतं, किंवा एकदम २.२ किमी, कधी nan. जीपीएस मॉड्यूल दोनदा बदललं. सूत्र लहान अंतराला चालत नाही का?

अक्षवृत्त

मॉड्यूलचा दोष नाही, आणि सूत्राचाही नाही. युनोवर double लिहिलं तरी तो चार बाइटचा float च असतो. शेतातल्या दोन बिंदूंसाठी cos c जवळजवळ १ असतो, आणि float मध्ये १ च्या लगेच खालची संख्या सुमारे ०.०००००००६ ने कमी असते. त्या एका पायरीचा acos काढला की थेट २.२ किमी. पुढची पायरी ३.१. मधलं काही दाखवताच येत नाही. गोळाबेरजेत उत्तर १ च्या वर गेलं तर acos ला अर्थ उरत नाही, म्हणून nan.

शीटमध्ये double आठ बाइटचा आहे, तिथे हीच पायरी सुमारे साडेनऊ सेंटिमीटरची पडते. शहरांना कधीच अडत नाही.

तोच नियम हॅवरसाइन रूपात लिहा. त्यात १ च्या शेजारची वजाबाकी होत नाही. सगळे कोन रेडियनमध्ये:

```
float s1 = sin((lat2 - lat1) / 2);
float s2 = sin((lon2 - lon1) / 2);
float h = s1*s1 + cos(lat1)*cos(lat2)*s2*s2;
float d = 2 * 6371000.0 * asin(sqrt(h));   // मीटर
```

एक मर्यादा तरीही राहील. ७२ च्या आसपासचा रेखांश अंशात float मध्ये साठवला की ०.००००००१ अंशाचे बारकावे टिकत नाहीत, पायरी ०.०००००७६ अंशाची, म्हणजे पाऊण-एक मीटर. बांधाच्या अलीकडे-पलीकडे इतकं नेमकं हवं असेल, तर मॉड्यूलकडून येणारा आकडा पूर्णांकात ठेवा, वजाबाकी पूर्णांकातच करा आणि मग रेडियनला वळा.

ट्रॅक्टर_जीपीएस

हॅवरसाइन टाकलं, आता चाळीस-पन्नास मीटर नीट दाखवतंय. पूर्णांकाचं उद्या बघतो.

मृण्मयी_क

शेवटचं विचारते. त्रिज्या ६३७१ घ्यायची की ६३७८? कोणी ६३७८ सांगतं.

सांगलीकर_जी

६३७८ ही विषुववृत्ताची. तुमच्या मार्गाच्या मध्यावरची त्रिज्या काढून ती वापरा, जास्त बरोबर येईल.

साखळीदार

मला पटत नाही. पृथ्वी चपटी आहे, त्यामुळे एकाच ठिकाणी उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम वक्रता वेगळी असते. विषुववृत्तावर उत्तर-दक्षिण वक्रतेची त्रिज्या ६,३३५ किमी, ध्रुवावर ६,४००. तिरक्या मार्गाला 'मध्यावरची त्रिज्या' म्हणजे नेमकी कुठली? ६३७१ ठेवा आणि अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक गृहीत धरा. त्याहून बारीक हवं असेल तर गोल सोडून लंबगोलावरचं गणित घ्यावं लागेल.

सांगलीकर_जी

दिशेप्रमाणे त्रिज्या बदलणारं सूत्र आहे की! मुंबई–दिल्लीसारख्या जवळपास उत्तर-दक्षिण मार्गाला तरी फायदा होईल. करून आकडे टाकतो.