मदत हवी आहे: लॅपटॉप चार्ज होईल अशी पॉवर बँक कोणती घ्यावी? दुकानदार म्हणतो २२.५ वॉटची चालेल

वाडीवरची
नमस्कार मंडळी, आम्ही कुडाळपासून आत गावात राहतो आणि माझं काम घरूनच असतं, दिवसभर मीटिंगा आणि एक्सेल. पावसाळ्यात इथे लाईटचं काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको, एकदा गेली की चार-पाच तास सहज जातात, मग तासदोन तास येते आणि परत जाते. इन्व्हर्टरचा खर्च आत्ता नकोय. तर लॅपटॉप चालेल अशी पॉवर बँक बघतेय. दुकानात गेले तर त्याने २०००० एमएएच, २२.५ वॉट फास्ट चार्जिंगवाली दाखवली आणि म्हणाला घेऊन जा ताई, टाइप-सी आहे ना, काहीही चार्ज होतं. लॅपटॉपचा चार्जर गोल पिनचा आहे, त्यावर 20V 3.25A लिहिलंय. लॅपटॉपला बाजूला टाइप-सीचं एक भोक आहे पण त्यातून चार्जिंग होतं का ते कधी बघितलंच नाही. मला हे वॉट आणि एमएएच कळत नाही, कोणी नीट सांगेल का?

निखिल_टेक
ताई घ्या बिनधास्त. लॅपटॉपची बॅटरी साधारण ३५००-४००० एमएएच असते, २०००० ला ४००० ने भागा, पाच वेळा फुल चार्ज होईल. माझा मोबाईल पाच हजारचा आहे, तो तीन वेळा होतो. फक्त पीडी, म्हणजे टाइप-सीतून जास्त पॉवर देणारं पॉवर डिलिव्हरी, लिहिलेलं बघा म्हणजे झालं.

शमा_र
माझ्याकडे पण लाईटचा हाच वैताग. मी राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतलाय, वायफाय चार तास चालतं. तुम्ही तोच घ्या ना, लॅपटॉपला वेगळं काही लागत नाही, त्याला बॅटरी असतेच की.

वाडीवरची
शमाताई माझं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आहे हो, राऊटर नाहीच. लॅपटॉपच बंद पडतो तो प्रश्न आहे 😅

सोल्डरवाला
ताई थांबा, ती २२.५ वॉटवाली घेऊ नका. माझं पुण्यात लॅपटॉप रिपेअरचं काम आहे, अशा पॉवर बँका घेऊन "लॅपटॉप खराब झाला का बघा" म्हणत लोक येतात, लॅपटॉपला काहीही झालेलं नसतं.

पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात टाइप-सी आउटपुटची ओळ असते ती वाचा. २२.५ वाल्यावर बहुतेक असं काहीतरी दिसेल: `5V⎓3A, 9V⎓2.22A, 12V⎓1.67A`. म्हणजे पीडी आहे, निखिल म्हणतो ते बरोबर, पण ती १२ व्होल्टलाच थांबते. तुमच्या लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात. पॉवर बँक आणि लॅपटॉप वायर लावल्यावर आपापसात विचारतात की तुझ्याकडे काय आहे, २० नसेल तर लॅपटॉप सरळ नाही म्हणतो किंवा स्लो चार्जर असा मेसेज देऊन रडतखडत चार्ज होतो. तुम्हाला त्या ओळीत शेवटी `20V⎓3.25A` दिसायला हवं, म्हणजे ६५ वॉट. खोक्यावर पुढे मोठ्या अक्षरात ६५ लिहिलंय म्हणून भुलू नका, काहींचा तो आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून असतो, एका टाइप-सीतून ४५ आणि उरलेले दुसरीकडून.

पण त्याच्याआधी लॅपटॉपचं ते भोक चार्जिंग घेतं का ते बघा, नाहीतर सगळंच फुकट. गोल पिनवाल्या बऱ्याच लॅपटॉपात टाइप-सी फक्त डेटाला असतं. कोणाकडे टाइप-सीचा ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर असेल तर लावून बॅटरीचं चिन्ह बघा. मोबाईलच्या चार्जरने बघू नका, त्याने नाही झालं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण त्यातले बरेचसे २० व्होल्ट देतच नाहीत.

आणि निखिल, पाच वेळाचा हिशोब चुकतोय. पॉवर बँकेचे एमएएच ३.७ व्होल्टवरचे आणि लॅपटॉपच्या बॅटरीचे ११ किंवा १५ व्होल्टवरचे, मग भागणार कसे. दोन्ही वॉट-अवरमध्ये आणायचे. २०००० गुणिले ३.७ भागिले हजार म्हणजे ७४.

निखिल_टेक
ओके ते व्होल्टेजचं लक्षात आलं नव्हतं. पण मग ७४ वॉट-अवर म्हणजे ५० च्या बॅटरीला दीड वेळा तरी होईलच.

सोल्डरवाला
दीड पण नाही. आतल्या सेलचे ३.७ चढवून २० करायचे त्यात काही जातं, लॅपटॉप परत उतरवून बॅटरीत भरतो त्यात काही जातं. ७४ मधले ६० च्या आसपास हाताला लागतात असं धरून चला. खोक्यावरच हे लिहिलेलं असतं बरं का, कोणी वाचत नाही. "रेटेड कपॅसिटी १२००० एमएएच ५ व्होल्ट" अशी ओळ शोधा, १२ गुणिले ५ म्हणजे ६०. ती ओळच नसेल किंवा ५०००० एमएएच लिहून वजन पाव किलो असेल तर दुकानातून बाहेर पडा. खरी २०००० वाली साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या खाली सहसा येत नाही, सेलचंच तेवढं वजन असतं.

अण्णा_मस्कत
मी पुढच्या महिन्यात गावाहून मस्कतला परत जाणार, माझ्याकडे ३०००० ची पॉवर बँक आहे, ती चेक-इन बॅगेत टाकली तर चालेल का? कोणी नेली आहे का?

सोल्डरवाला
अण्णा चेक-इनमध्ये अजिबात नाही, हातातल्या बॅगेतच. आणि ३०००० म्हणजे १११ वॉट-अवर होतात, १०० च्या वर एअरलाइनची परवानगी लागते, आधी फोन करून विचारा. म्हणून तर बाजारात २७००० चे मॉडेल निघतात, ते ९९.९ मध्ये बसतात. अंगावर वॉट-अवर छापलेले पुसले गेले असतील तर सिक्युरिटीवाले ठेवून घेऊ शकतात.

वाडीवरची
बघितलं! वहिनीच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर ६५ वॉटचा आहे, तो लावला आणि चार्जिंगचं चिन्ह आलं. म्हणजे माझं भोक चालतं. आता कितीची घेऊ? आणि माझ्या बॅटरीचे वॉट-अवर कुठे दिसतात? खाली स्टिकरवर काही नाहीये.

सोल्डरवाला
मस्त, मोठं काम झालं. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

फाईल कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसेल, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे असतील ते इथे टाका. आणि मीटिंग चालू असताना बॅटरी किती वेळात अर्धी होते तेही सांगा.

वाडीवरची
DESIGN CAPACITY 47,000 mWh आणि FULL CHARGE CAPACITY 39,480 mWh. व्हिडिओ चालू ठेवून मीटिंग असेल तर सव्वा तासात अर्धी होते.

सोल्डरवाला
म्हणजे नवीन असताना ४७ होती, आता साडे एकोणचाळीस उरलीय, वापरलेल्या लॅपटॉपचं असंच असतं. तिची अर्धी म्हणजे जवळपास २०, ती सव्वा तासात गेली म्हणजे लॅपटॉप मीटिंगमध्ये साधारण १६ वॉट खातोय. पाच तास लाईट नसेल आणि पाचही तास मीटिंग धरली तर ८० लागतील. ३९ लॅपटॉपात आहेत, राहिले ४१. १०००० ची पॉवर बँक हाताला तीसेक देईल, कमी पडेल. २०००० ची ६० देईल, म्हणजे लॅपटॉपचं भागून हॉटस्पॉटचा मोबाईल पण एकदा चार्ज होईल. २७००० तुम्हाला कशाला, वजन आणि पैसे दोन्ही वाढतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाबतीत आउटपुटइतकीच महत्त्वाची आहे आणि ती कोणी विचारत नाही. इनपुट. तुमच्याकडे लाईट तासदोन तास येते ना? काही पॉवर बँका बाहेर ६५ देतात पण आत १८ वॉटनेच भरतात, ७४ वॉट-अवर भरायला त्यांना पाच तास लागतात, म्हणजे दोन तासात अर्धी पण होणार नाही आणि परत अंधार. पाठीवर इनपुटची ओळ वाचा, तिथेही 20V दिसायला हवं, मग दीड-दोन तासात भरते. आणि खोक्यात चार्जर येत नाही हं. तुमचा लॅपटॉपचा गोल पिनचा आहे तो हिला लागणार नाही, मोबाईलच्या चार्जरने सहसा हळू भरेल, म्हणजे ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर वेगळा घ्यावा लागेल. तो पैसा आत्ताच धरा. तोच मग लॅपटॉपला पण चालेल.

भटक्या_सह्याद्री
१६ वॉटच खातोय तर ६५ ची गरज काय? माझी ४५ वॉटची आहे, ऑफिसचा लॅपटॉप वर्षभर चालवतोय, स्लो चार्जर मेसेज येतो, येऊ दे. ४५ वाली स्वस्त पडते.

सोल्डरवाला
हो, पुष्कळ लॅपटॉप ४५ वर गुपचूप चालतात, त्यात वाद नाही. पण काही मॉडेल ६५ च्या खाली घेतच नाहीत असंही बघितलंय, आणि ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही. ताईंना गावातून दुकानात परत द्यायला जायचं म्हणजे अख्खा दिवस, म्हणून मी ६५ म्हणतोय.

भटक्या_सह्याद्री
पटलं नाही पूर्ण, लावून बघता आली तर ४५ च बघा असं माझं मत. बाकी एक, लाईट गेली की लगेच पॉवर बँक लावा, बॅटरी पाच टक्क्यावर यायची वाट बघू नका. रिकामी बॅटरी पूर्ण जोरात ओढते, पॉवर बँक तापते, माझी तर तापून मधेच बंद पडायची.

सोल्डरवाला
हे एकदम बरोबर. भरलेल्या बॅटरीला लावली तर ती फक्त चालू कामाचे १६ वॉट देत राहते, गार राहते. आणि मीटिंगमध्ये मधेच दुसऱ्या पोर्टला मोबाईल लावलात की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून परत लागतं, आवाज येईल, घाबरू नका, दोन पोर्टांत वॉटची नव्याने वाटणी होते तेव्हा असं होतं.

वाडीवरची
केवढं सांगितलंत, थँक यू सगळ्यांना 🙏 म्हणजे २००००, आउटपुट इनपुट दोन्हीकडे 20V, आणि चार्जर वेगळा. वायर कुठलीही चालते का? घरात मोबाईलच्या पडल्यात दोन-तीन.

सोल्डरवाला
दोन्ही टोकांना टाइप-सी हवी, एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असेल तर पीडी होणारच नाही. ६० वॉटपर्यंत चांगली साधी चालते, पूर्ण ६५ साठी १०० वॉट लिहिलेली घ्या, पॉवर बँकेसोबत आली तर तीच वापरा.

शमा_र
बाय द वे माझ्या राऊटरला ही पॉवर बँक चालेल का? त्याला १२ व्होल्ट लागतात, वायर मिळते म्हणे.

निखिल_टेक
१२ व्होल्ट सगळ्या देत नाहीत ना, वर दादांनी दिलीय तशी ओळ बघावी लागेल. आउटपुटचा फोटो टाका.